लाल सिग्नल कॅमेरा कसा पकडतो आणि वेळेवरून भांडण का होतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौकातल्या खांबावर बसवलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रणावरून सिग्नल तोडणारी गाडी कशी पकडली जाते, याबद्दल दोन बाजूंनी प्रश्न येतात. ज्यांना चलन आलं आहे ते विचारतात, आणि ज्यांना अशी यंत्रणा बसवायची किंवा तपासायची आहे तेही विचारतात. खालची उत्तरं दोघांसाठी आहेत. गणितं मुद्दाम सोपी ठेवली आहेत. गुंतागुंतीची वाटणारी बहुतेक भांडणं शेवटी वजाबाकीचीच असतात.

नेमकं काय घडलं म्हणजे "सिग्नल तोडला" असं यंत्रणा मानते?

तीन गोष्टी याच क्रमाने घडाव्या लागतात. आधी लाल दिवा लागला पाहिजे. तो लागला तेव्हा गाडी स्टॉप लाइनच्या अलीकडे असली पाहिजे. त्यानंतर दिवा लालच असताना ती रेषा ओलांडून चौकात पुढे गेली पाहिजे. क्रम बदलला की अर्थही बदलतो. पिवळ्यावर रेषा ओलांडून चौकात शिरलेली आणि समोरच्या रांगेमुळे मध्येच अडकलेली गाडी लाल दिव्याच्या फोटोत ऐटीत उभी दिसते, पण तिने सिग्नल तोडलेला नसतो.

म्हणून पुराव्यात निदान दोन फोटो हवेत. पहिल्यात लाल दिवा आणि रेषेच्या अलीकडे असलेली गाडी, दुसऱ्यात लाल दिवा आणि रेषा ओलांडून गेलेली तीच गाडी. दुसरा फोटो एकटाच असेल तर तो "गाडी लाल असताना चौकात होती" एवढंच सांगतो. ती केव्हा शिरली, हे त्यातून कळत नाही.

रेषेवर किंवा झेब्रा पट्ट्यांवर पुढची चाकं टेकवून थांबलेली गाडी हा वेगळा प्रकार आहे. तिला सिग्नल तोडल्याच्या खात्यात टाकणारी यंत्रणा तिसरी अट, म्हणजे गाडी पुढे निघून गेल्याची, नीट तपासत नसते.

एका दिशेसाठी किती कॅमेरे असतात?

सहसा दोन प्रकारचे. एक रुंद दृश्य टिपणारा असतो. त्यात सिग्नलचा दिवा, स्टॉप लाइन आणि चौकाचा काही भाग एकत्र दिसतो. दुसरा नंबरप्लेट वाचणारा असतो. त्याची चौकट अरुंद आणि शटर वेगवान असतं, बहुतेकदा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, कारण पळत्या गाडीची प्लेट पुसट येता कामा नये. रस्ता रुंद असेल तर प्लेटचे कॅमेरे लेननुसार वाढतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या अर्ध्या प्रश्नांचं मूळ तिच्यात आहे. दिवा आणि रेषा एकाच कॅमेऱ्याच्या एकाच चौकटीत दिसत असतील तर वेळेचा वाद जवळजवळ उरत नाही. दिवा एका कॅमेऱ्यातून आणि रेषा दुसऱ्यातून पाहिली जात असेल, तर तुम्ही दोन घड्याळांची तुलना करत असता.

लाल दिवा लागला, हे यंत्रणेला कळतं कसं?

दोन मार्ग आहेत. पहिल्यात सिग्नलच्या कंट्रोलरमधून लाल दिव्याकडे जाणाऱ्या तारेवरचा विजेचा दाब ऑप्टो-कपलरमधून, म्हणजे वीज अलग ठेवून फक्त संकेत पुढे देणाऱ्या भागातून ओळखतात आणि तो संकेत यंत्रणेला देतात. दुसऱ्यात कंट्रोलरला हात लावत नाहीत. चित्रात दिव्याभोवती चौकोन आखून त्यातला रंग आणि उजेड मोजतात.

तारेचा मार्ग वेगवान आहे. उशीर होतो तो थोडाच: ऑप्टो-कपलर आणि एसी पुरवठ्यामुळे 10 ते 20 मिलिसेकंद, आणि खोटे झटके गाळण्यासाठी सॉफ्टवेअर थांबतं त्याचे आणखी थोडे. पण त्याची एक खोड आहे. तो कंट्रोलरने दिव्याला वीज दिली की नाही ते सांगतो, दिवा पेटला की नाही ते सांगत नाही. एलईडीचा संच जळालेला असेल तरी तारेवर दाब असतोच. यंत्रणेच्या नोंदीत "लाल", आणि चालकासमोर काळा गोल. म्हणून तारेचा संकेत घेतला तरी फोटोत पेटलेला दिवा दिसायलाच हवा, हा आग्रह सोडू नये.

चित्राचा मार्ग चालकाने जे पाहिलं त्याच्या जवळ जातो, पण नाजूक आहे. वाऱ्याने खांब हलतो आणि दिवा आखलेल्या चौकोनाबाहेर सरकतो. समोर बस येऊन उभी राहते. रात्री दिव्याचा मध्य इतका उजळतो की कॅमेऱ्यात तो पांढराच येतो आणि रंग फक्त कडेच्या वलयात उरतो, मग लाल आणि पिवळा यांत घोटाळा होतो. त्यामुळे रंगाच्या जोडीला जागाही तपासतात: उभ्या सिग्नलमध्ये लाल वर, पिवळा मध्ये, हिरवा खाली. संध्याकाळी दिव्याच्या तोंडावर उतरतं ऊन पडलं की न पेटलेला दिवाही पेटल्यासारखा चमकतो. अशा वेळी तिन्ही दिव्यांच्या उजेडाची आपसात तुलना केली तर फसगत कमी होते, कारण ऊन तिघांवर सारखं पडतं.

डोळ्यांना दिवा लख्ख लाल दिसतो, पण चित्रणात मध्येच काही सेकंद विझल्यासारखा का दिसतो?

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. साध्या ड्रायव्हर सर्किटवर चालणारा एलईडी त्यामुळे सेकंदाला 100 वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला ते जाणवत नाही. कॅमेऱ्याचं शटर मात्र हजाराव्या भागापुरतंच उघडत असेल, तर ते नेमकं मंदावण्याच्या क्षणी उघडू शकतं.

त्यात कॅमेरा सेकंदाला 25 फ्रेम घेत असेल तर दुखणं वाढतं. 100 ला 25 ने नेमका भाग जातो, त्यामुळे प्रत्येक फ्रेम चढउताराच्या जवळजवळ त्याच टप्प्यावर पडते. एकदा काळोख्या टप्प्यावर पडली की पुढच्याही तिथेच पडत राहतात. वीज नेमकी 50 नसते हाच काय तो दिलासा. समजा ती 49.95 हर्ट्झ आहे. मग दिवा सेकंदाला 99.9 वेळा लुकलुकतो, 100 पासूनचा फरक 0.1, म्हणजे चित्रात दहा सेकंदांचं एक संथ चक्र तयार होतं. त्यातले काही सेकंद दिवा विझलेला दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं सिग्नल बिघडलाय, चालकाचा वकील म्हणतो दिवा लागलाच नव्हता, आणि चित्र पाहून दोघांनाही खोटं ठरवता येत नाही.

उपाय दोन. दिवा पाहणाऱ्या कॅमेऱ्याचा एक्स्पोजर निदान 10 मिलिसेकंदांचा ठेवा, म्हणजे एक पूर्ण लुकलुक त्यात मावते. ते जमत नसेल तर सेकंदाला 30 फ्रेम घ्या. 100 ला 30 ने नेमका भाग जात नाही, लागोपाठच्या तीन फ्रेम तीन वेगळ्या टप्प्यांवर पडतात, आणि त्या तिन्हींतली सर्वांत उजळ धरली की दिवा सुटत नाही. नंबरप्लेटच्या कॅमेऱ्याला दिवा ओळखण्याचं काम देऊच नये, त्याचं शटर त्यासाठी नाहीच.

गाडीने रेषा ओलांडली, हे ठरवताना कुठे चुकतं?

चित्रात स्टॉप लाइनवर एक आभासी रेषा आखतात आणि गाडीभोवतीचा चौकोन तिला केव्हा छेदतो ते पाहतात. रेषा आहे जमिनीवर. चौकोनाची कड मात्र बऱ्याचदा बम्परची, दिव्याची किंवा बसच्या टपाची असते, आणि त्या गोष्टी जमिनीच्या वर असतात. खांबावरून तिरकं पाहणाऱ्या कॅमेऱ्याला उंचावरचा बिंदू जमिनीवर टेकवला तर आणखी लांब दिसतो.

किती लांब, ते काढता येतं. कॅमेरा 6 मीटर उंचीवर आहे आणि मागून गाड्या पाहतोय. बम्पर खांबापासून 20 मीटरवर, जमिनीपासून अर्धा मीटर उंच.

```
सरक = h × D / (H − h)
    = 0.5 × 20 / (6 − 0.5) = 1.82 मीटर
```

म्हणजे बम्पर खरोखर जिथे आहे त्याच्या 1.82 मीटर पुढे पोहोचल्यासारखा दिसतो. ताशी 40 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 11.1 मीटरने जाणारी गाडी ते अंतर 0.16 सेकंदात कापते. यंत्रणा गाडीला तेवढी आधी रेषेपार नेते. यात चालकाचा फायदाही होऊ शकतो, कारण पिवळ्यावरच ओलांडली असं दिसतं. पण रेषेवर थांबलेली गाडी पुढे गेल्यासारखी दिसते, हा तोटाही आहे. कॅमेरा समोरून पाहत असेल तर सगळं उलटं होतं. चाक जिथे डांबराला टेकतं तो बिंदू धरला की ही चूक जवळजवळ नाहीशी होते. चाक दिसत नसेल तर निर्णय देऊ नये.

रस्ता पुन्हा डांबरी केल्यावर पट्टे नव्याने रंगवले जातात आणि स्टॉप लाइन फूटभर सरकते. सॉफ्टवेअरमधली रेषा मात्र जुन्याच जागी राहते. हा दोष फार साधा आहे आणि फार वेळा राहून जातो.

फोटोवरची वेळ माझ्या मोबाइलशी जुळत नाही. मग चलन चुकीचं ना?

आपोआप नाही. इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. एक, घटना घड्याळाप्रमाणे किती वाजता घडली. दोन, लाल लागल्यानंतर किती वेळाने गाडीने रेषा ओलांडली. सिग्नल तोडला की नाही हे दुसऱ्यावर ठरतं. दिवा आणि रेषा एकाच चित्रणात असतील तर घड्याळ दहा मिनिटं पुढे असलं तरी दोन्ही क्षण सारखेच पुढे सरकतात आणि वजाबाकी तीच राहते.

पहिला प्रश्न मात्र क्षुल्लक नाही. त्या वेळी गाडी दुसरीकडे होती असं कुणी टोलच्या किंवा पार्किंगच्या पावतीवरून दाखवत असेल, किंवा प्लेटची नक्कल करून दुसरीच गाडी फिरतेय असा संशय असेल, तर घड्याळाची अचूकता महत्त्वाची ठरते. कॅमेऱ्यातल्या साध्या क्रिस्टलमध्ये दहा लाखांत 20 भागांची चूक गृहीत धरली तर दिवसाला 1.7 सेकंद, आठवड्याला 12 सेकंद होतात. म्हणून कॅमेरे एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने, किंवा जीपीएस घड्याळाशी जुळवतात. एनटीपीचा दुवा गुपचूप तुटतो आणि चित्रण सुरूच राहतं, म्हणून जुळणी शेवटची केव्हा झाली याची नोंद ठेवणं जुळणी करण्याइतकंच गरजेचं आहे.

मग खरा वाद कुठे होतो? एक उदाहरण द्याल का?

दोन कॅमेऱ्यांचं चित्रण वेगवेगळ्या उशिराने सर्व्हरवर पोहोचतं आणि सर्व्हर फ्रेम आल्याची वेळ लावतो, तिथे. हे सर्वांत घातक आहे, कारण दोन्ही घड्याळं अगदी बरोबर असतात आणि निकाल तरी चुकतो.

समजा कॅमेरा अ दिवा पाहतो आणि त्याची फ्रेम 0.25 सेकंद उशिरा सर्व्हरवर येते. कॅमेरा ब रेषा पाहतो आणि त्याच्या एन्कोडरमुळे व नेटवर्कच्या साठवणीमुळे फ्रेम 0.60 सेकंद उशिरा येते. लाल दिवा खरोखर 18:42:10.00 ला लागला. एका गाडीने रेषा 18:42:09.80 ला, म्हणजे पिवळा असताना ओलांडली. सर्व्हरच्या नोंदीत लाल 10.25 ला लागला आणि गाडीने रेषा 10.40 ला ओलांडली. निष्कर्ष: लाल लागल्यानंतर 0.15 सेकंदांनी सिग्नल तोडला. निर्दोष माणसाला चलन.

उशीर उलटा करा, अ चा 0.60 आणि ब चा 0.25. आता खरोखर 10.30 ला, लालवर घुसलेली गाडी 10.55 ला नोंदली जाते आणि लाल 10.60 ला. ती सुटते. कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण सुटलेला माणूस तक्रार करत नाही. तक्रारींच्या संख्येवरून यंत्रणेची अचूकता मोजू नये ती एवढ्यासाठी.

यावर उपाय म्हणजे फ्रेम टिपली तेव्हाची वेळ कॅमेऱ्यातच लागली पाहिजे. आरटीएसपी या नेटवर्कवरच्या पद्धतीने येणाऱ्या चित्रणात प्रत्येक फ्रेमसोबत 90 किलोहर्ट्झचा वेळ-आकडा असतो आणि चित्रणासोबत येणारा आरटीसीपीचा अहवाल तो खऱ्या घड्याळाशी जोडतो. तो अहवाल न वाचता आगमनाची वेळ घेणं सोपं असतं, म्हणून घाईत तेच केलेलं आढळतं.

चित्रणावर छापलेल्या वेळेवरून मोजता येत नाही का?

फार कमी. चित्रावर जी वेळ उमटते ती बहुतेकदा पूर्ण सेकंदांत असते. 18:42:10 हा शिक्का 25 फ्रेमवर सारखाच दिसतो आणि तेवढ्यात ताशी 40 ने जाणारी गाडी 11 मीटर पुढे गेलेली असते. फ्रेम मोजणं त्याहून बरं, पण फ्रेम समान अंतराने आल्या आहेत याची खात्री करूनच. नेटवर्क तुंबलं की काही फ्रेम गळतात, आणि रात्री कॅमेरा आपला आपण वेग 25 वरून 12 वर आणतो. मग "12 फ्रेम म्हणजे 0.48 सेकंद" हा हिशेब दुपटीने चुकतो. मूळ फाइल हातात असेल तर ffprobe या व्हिडिओ तपासण्याच्या साधनाने हे तपासता येतं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries frame=pts_time,pict_type -of csv=p=0 clip.mp4
```

प्रत्येक ओळीत एका फ्रेमची वेळ येते. 25 फ्रेमच्या चित्रणात लागोपाठच्या दोन वेळांत 0.04 चा फरक हवा. नेमक्या वादाच्या ठिकाणी 0.12 किंवा 0.20 ची उडी दिसली तर तिथे फ्रेम गळल्या आहेत. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत तपासू नका, ती पुन्हा एन्कोड झालेली असते आणि तिच्या वेळांना काही किंमत नसते.

पिवळा किती सेकंद असावा? तो कमी असेल तर चूक कुणाची?

या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण इथे कॅमेरा अगदी बरोबर असतो आणि तरी अन्याय होतो.

पिवळा लागला तेव्हा चालकाकडे दोनच वाटा असतात: थांबणं किंवा निघून जाणं. ताशी 40 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 11.1 मीटर वेग धरा. भानावर यायला 1 सेकंद, त्यात 11.1 मीटर गेले. मग सेकंदाला 3.05 मीटरच्या दराने, फार जोर न लावता ब्रेक दाबले तर आणखी 20.2 मीटर. एकूण 31.3 मीटर. रेषा याहून जवळ असेल तर आरामात थांबता येत नाही.

पिवळा 3 सेकंद असेल तर त्याच वेगाने गाडी 33.3 मीटर जाते. जो थांबू शकत नाही तो निघून जाऊ शकतो. पिवळा 2 सेकंदच असेल तर गाडी 22.2 मीटरच जाते. आता 22.2 आणि 31.3 यांच्यामधला 9 मीटरचा पट्टा असा तयार होतो की त्यातल्या चालकाला थांबताही येत नाही आणि लाल लागायच्या आत निघताही येत नाही. रेषेपासून 27 मीटरवर असलेला चालक वेग न बदलता 2.43 सेकंदांनी रेषेवर पोहोचतो, म्हणजे लाल लागल्यानंतर 0.43 सेकंदांनी. त्याने काहीही चुकीचं केलेलं नाही. कॅमेऱ्यानेही नाही. चूक आहे ती पिवळ्याचा अवधी ठरवणाऱ्याची.

हा विचार गाझिस, हर्मन आणि मारादुदिन यांनी 1960 मध्ये मांडला. त्यातून आलेलं सूत्र असं:

```
Y = t + v / (2a + 2gG)
```

t म्हणजे भानावर येण्याचा वेळ, v वेग, a ब्रेकचा दर, g गुरुत्वाकर्षणाचा 9.81 हा आकडा आणि G रस्त्याचा चढ, उतार असेल तर वजा. सपाट रस्त्यावर ताशी 40 ला 2.8 सेकंद, 50 ला 3.3, 60 ला 3.7 येतात. चार टक्के उतार असेल तर 40 लाच 3.1 लागतात. म्हणजे टेकडीवरून उतरणाऱ्या रस्त्याला आणि त्याच चौकातल्या सपाट रस्त्याला एकच अवधी देणं बरोबर नाही.

सूत्रातही एक भोक होतं. वळण्यासाठी वेग कमी करणाऱ्या गाडीला रेषेपर्यंत पोहोचायला जास्त वेळ लागतो, आणि सूत्र मात्र वेग कायम धरून चालतं. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या बीव्हर्टनमध्ये 2013 साली पत्नीला अशा कॅमेऱ्याचा दंड झाल्यावर मॅट्स यार्लस्ट्रॉम या इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाने हा मुद्दा लावून धरला. परवाना नसताना स्वतःला इंजिनिअर म्हणवतो म्हणून राज्याच्या मंडळाने त्यालाच दंड केला, तो खटला तो जिंकला. पुढे 2020 मध्ये तिथल्या वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने वळणाऱ्या गाड्यांचा विचार करणारं विस्तारित सूत्र स्वीकारलं.

सेकंदाच्या दहाव्या भागाने खरंच फरक पडतो?

शिकागोचं उदाहरण पुरेसं आहे. तिथे पिवळा किमान 3 सेकंदांचा ठरलेला. यंत्रणा चालवणारी कंपनी 2014 मध्ये बदलली आणि पिवळा 2.9 सेकंद मोजला गेला तरी दंड ग्राह्य धरला जाऊ लागला. शहराच्या महानिरीक्षकांच्या तपासणीत या एका बदलामुळे सुमारे 77,000 जादा दंड आणि 77 लाख डॉलरची रक्कम निघाली. दिवा कुणी मुद्दाम छोटा केला नव्हता. मोजमापात इकडेतिकडे होणाऱ्या शतांश सेकंदांसाठी आधी गाळणी लावलेली होती, ती सैल केली, एवढंच.

लाल लागल्यावर लगेच चलन होतं की थोडी सवलत असते?

असायला हवी, आणि ती दयेपोटी नाही तर मोजमापाच्या चुकीपोटी. 25 फ्रेमच्या एका कॅमेऱ्यात दिवा आणि रेषा दोन्ही असतील तर वजाबाकीत 0.04 सेकंद इकडेतिकडे होणारच. दिवा पक्का लाल मानण्यासाठी तीन फ्रेम थांबलात तर आणखी 0.08. म्हणजे चूक 0.12 च्या घरात. शिकागोने आपली सवलत 2017 मध्ये 0.1 वरून 0.3 सेकंद केली. चूक आणि सवलत वेगळ्या ठेवा, एकीत दुसरी मुरवू नका:

```python
ERR, GRACE = 0.12, 0.30   # सेकंद

def decide(t_red, t_line, t_exit):
    if None in (t_red, t_line, t_exit):
        return "drop"
    late = t_line - t_red
    return "violation" if late - ERR >= GRACE else "drop"
```

`t_exit` म्हणजे गाडी चौकात पुढे गेली तो क्षण. तो नसेल तर गाडी रेषेवर थांबली असेल. तीनपैकी कोणतीही एक वेळ पक्की नसेल तर प्रकरण सोडून द्यायचं. 27 मीटरवरच्या त्या चालकाचे 0.43 या गाळणीतून निघाले तर 0.31 उरतात, म्हणजे त्याला चलन होतंच. छोट्या पिवळ्यावर सवलत हा इलाज नाही, हे त्यावरून दिसतं.

काउंटडाऊनमध्ये अजून 2 सेकंद होते आणि लाल लागला. हे शक्य आहे?

आहे. काही टायमर कंट्रोलरकडून आकडा घेतच नाहीत. मागच्या फेरीत हिरवा किती वेळ होता ते मोजतात आणि या फेरीत तेवढंच उलटं मोजतात. गर्दीप्रमाणे अवधी बदलणाऱ्या सिग्नलवर किंवा दुपारची योजना संपून संध्याकाळची सुरू होते त्या फेरीत असा टायमर चुकतो. चलन दिव्यावर होतं, आकड्यावर नाही. तरी फोटोत टायमर दिसत असेल तर तक्रारीत त्याकडे बोट दाखवा. अशा टायमरखाली कॅमेरा बसवणं आमच्या मते चुकीचंच आहे.

पोलिसांनी हात दाखवून पुढे जायला सांगितलं होतं, तरी चलन आलं.

पोलिसाचा इशारा दिव्याच्या वर असतो. कंट्रोलर हाताने चालवला जात असेल तर त्याची नोंद यंत्रणेपर्यंत पोहोचून त्या काळातली पकड बंद व्हायला हवी. पोलीस फक्त हात दाखवत असेल तर यंत्रणेला ते कळत नाही. पण चित्रणात दिसतं: एकाच लाल फेरीत पाच-सात गाड्या रांगेने, शांतपणे निघाल्या तर माणसाने पाहायला हवं. रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी पुढे सरकलेल्या गाड्यांचंही तसंच. म्हणून फोटोऐवजी मागचेपुढचे काही सेकंद चित्रण जपून ठेवणं जास्त उपयोगी.

चलन आलं आहे. काय तपासू?

आधी फोटोत लाल दिवा पेटलेला दिसतो का, आणि गाडी रेषेच्या अलीकडे असतानाचा फोटो आहे का, ते पाहा. मग प्लेट, गाडीचा प्रकार आणि रंग जुळतो का. यातलं काही नसेल तर महाराष्ट्रात ई-चलनाच्या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. "मी सिग्नल तोडला नाही" एवढंच लिहून भागत नाही. "पहिल्या फोटोत गाडी आधीच रेषेपार आहे" असं नेमकं लिहा, आणि पिवळा लागण्याच्या आधीपासूनचं चित्रण मागा.

प्रकरण पुढे गेलं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 167अ हा नियम महत्त्वाचा आहे. ऑगस्ट 2021 मध्ये आलेल्या या नियमानुसार उपकरणाला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. पुराव्यात गुन्हा आणि नंबरप्लेट दाखवणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र अपेक्षित आहे. हे शेवटचं प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या 65ब कलमाखाली यायचं. 1 जुलै 2024 पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आहे.

यंत्रणा सुरू करण्याआधी वेळेची परीक्षा कशी घ्यावी?

मिलिसेकंद दाखवणारा, जीपीएसवर चालणारा एक आकडेफलक घ्या आणि तो दोन्ही कॅमेऱ्यांना एकाच वेळी दिसेल अशा जागी उभा करा. दोन्ही चित्रणांतल्या फ्रेमची नोंदलेली वेळ आणि त्या फ्रेममध्ये फलकावर दिसणारा आकडा यांची वजाबाकी करा. दोन्ही वजाबाक्या सारख्या आल्या पाहिजेत. हे दुपारी एकदा, रात्री एकदा आणि नेटवर्कवर मुद्दाम भार टाकून एकदा करा. तिसऱ्या वेळी आकडे फाटले तर वेळ आगमनावर लागतेय असं समजा.

मग पिवळ्याचा अवधी प्रत्येक दिशेला, लागोपाठ पन्नासेक फेऱ्यांत चित्रणातूनच मोजा. कंट्रोलरच्या कागदावर लिहिलेला आकडा घेऊ नका. सर्वांत लहान आलेला अवधी लिहून ठेवा, सरासरी नाही. शेवटी एक गाडी रेषेवर चाक टेकवून उभी करा, एक पिवळ्यावर न्या, आणि वाहतूक अडवून एक लालवर न्या. तिन्हींचा निकाल कागदावर आल्याशिवाय पहिलं चलन निघू देऊ नका. रस्त्याचं डांबरीकरण झालं, कॅमेरा उतरवून पुन्हा चढवला किंवा कंट्रोलरची योजना बदलली, की यातली गाड्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागते.